कीस्टोन प्रजाती आणि ट्रॉफिक कॅस्केड: समुद्री पाणमांजराची केस स्टडी उत्तरात कशी लिहावी?

अबोली

नमस्कार. मी एमएस्सी पर्यावरणशास्त्र करते आहे. आमच्याकडे एक प्रश्न दर एक-दोन वर्षांनी फिरून येतो: "योग्य केस स्टडीच्या आधारे कीस्टोन प्रजाती आणि ट्रॉफिक कॅस्केड यांचा संबंध स्पष्ट करा. गुण १५." मी समुद्री पाणमांजर घेतलं आहे. माझ्या उत्तराचा गाभा असा:

"समुद्री पाणमांजर सी अर्चिन हे काटेरी समुद्री प्राणी खाते. सी अर्चिन केल्प हे मोठे समुद्रशैवाल खातात. पाणमांजरे कमी झाली की अर्चिन वाढतात व केल्पची जंगले नष्ट होतात. म्हणून पाणमांजर ही कीस्टोन प्रजाती असून परिसंस्थेचा समतोल राखण्यासाठी तिचे संवर्धन आवश्यक आहे."

पुढे केल्पमुळे मासे वाढतात वगैरे दोन परिच्छेद आहेत. माझ्या मैत्रिणीने गेल्या वेळी जवळपास हेच लिहिलं होतं आणि तिला १५ पैकी ६ मिळाले. यात चूक काहीच दिसत नाही, मग गुण जातात कुठे?

प्राजक्ता_के

अबोली, मी बरीच वर्षं हे पेपर तपासते आहे. तुझ्या पाच ओळींत खरंच काही चूक नाही. पण त्या वाचून मी समासात एकच शब्द लिहीन: "कशावरून?"

तू अन्नसाखळी सांगितलीस. ती शाळेच्या पुस्तकातही असते. केस स्टडी म्हटलं की कुठे, केव्हा, कुणी, कशाची कशाशी तुलना करून हे दाखवलं, ते आलं पाहिजे. शंभर उत्तरपत्रिकांत "पाणमांजरे कमी झाली की" असतं. कुठली पाणमांजरं, कुठल्या बेटावरची, कशामुळे कमी झाली, हे चार-पाच जणच लिहितात. आणि संवर्धनाचं शेवटचं वाक्य प्रश्नात कुणी विचारलेलंच नाही.

वाटसरू

माझं मत, पाणमांजर सोडा आणि अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले लांडगे घ्या. १९९५ आणि ९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. लांडगे आले, एल्क हरणं घाबरली आणि कमीही झाली, विलोची झुडपं वाढली, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर परतले, नद्यांचे काठसुद्धा घट्ट झाले. परीक्षकाला लगेच पटतं. व्याख्याही सोपी आहे. साखळीत सगळ्यात वर जो शिकारी, तो कीस्टोन. आपल्याकडे वाघ, तिकडे लांडगा.

दर्यावर्दी

वाटसरू, साखळी खालपर्यंत हलते हे तुमचं बरोबर आहे. पण "सगळ्यात वर म्हणून कीस्टोन" हे उत्तरात लिहिलं तर गुण कापले जातील. हा शब्द कुठून आला तेच बघा.

रॉबर्ट पेन हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या किनाऱ्यावर, मका बे इथे काम करत होते. १९६३ पासून त्यांनी खडकाच्या एका पट्ट्यावरचे पिसास्टर जातीचे तारामासे उचकटून समुद्रात फेकायला सुरुवात केली आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे होते तिथे १५ जातींचे जीव नांदत राहिले. काढले तिथे हळूहळू ८ उरल्या, कारण तारामाशांचं आवडतं खाणं असलेल्या मसल शिंपल्यांनी खडक व्यापून टाकला. १९६९ मध्ये पेननी अशा जातीला कीस्टोन म्हटलं. त्यांनी वाघ-सिंह बघून हा शब्द काढला नाही. जागेच्या मारामारीत जो जीव सगळ्यांना हरवू शकतो, नेमका त्यालाच तारामासा खात होता, हा मुद्दा होता.

म्हणून आज कसोटी अशी लावतात: ती जात संख्येने किंवा वजनाने जितकी आहे, त्या मानाने तिचा परिणाम कितीतरी मोठा आहे का? केल्पसुद्धा काढून टाकलं तर सगळं कोसळतं, पण केल्प मुळातच टनावारी आहे. म्हणून ते कीस्टोन ठरत नाही, ते पायाभूत. अंजीरवर्गातली झाडं शिकारी नाहीत, तरी जंगलात बाकी फळं नसतात तेव्हा फळ देतात म्हणून त्यांना कीस्टोन मानणारे अभ्यासक आहेत. आणि कीस्टोन असली म्हणजे ट्रॉफिक कॅस्केड, म्हणजे भक्षकापासून खाली वनस्पतींपर्यंत उतरत जाणारा परिणाम, होतोच असंही नाही. अबोली, तुझ्या प्रश्नात "संबंध" हा शब्द आहे, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता पाणमांजर. ही गोष्ट अल्युशियन बेटांवर घडली. अलास्कापासून रशियाच्या दिशेने गेलेली ती बेटांची माळ. १७४१ च्या बेरिंगच्या मोहिमेनंतर पाणमांजराच्या फरचा व्यापार सुरू झाला आणि पुढच्या दीडशे वर्षांत हा प्राणी जवळजवळ संपला. १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर शिकार थांबली, तेव्हा सगळ्या उत्तर पॅसिफिकमध्ये मिळून विखुरलेल्या अशा डझनभर छोट्या वसाहती उरल्या होत्या. त्यातली एक अल्युशियनमधल्या रॅट बेटांवर होती. तिथे अॅम्चिट्का बेटाभोवती पाणमांजरं पुन्हा भरपूर झाली. पश्चिमेकडच्या निअर बेटांवर मात्र एकही उरलं नव्हतं, त्यामुळे तिथल्या शेमिया बेटाभोवती ती नव्हतीच.

हा फरक कुणी मुद्दाम केलेला नव्हता, शिकारीने करून ठेवला होता. जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो यांनी दोन्ही ठिकाणी समुद्रतळ पाहिला आणि १९७४ मध्ये मांडला. अॅम्चिट्काला केल्प दाट, अर्चिन लहान आणि थोडे. शेमियाला अर्चिनचा गालिचा आणि खडक बोडका. हवामान तेच, समुद्र तोच. तुझ्या उत्तराचा कणा ही तुलना आहे.

एवढासा प्राणी एवढं का खातो, तेही एका वाक्यात लिही. बाकी समुद्री सस्तन प्राण्यांसारखा चरबीचा थर त्याला नाही. थंड पाण्यात ऊब टिकवायला दाट फर आणि सतत खाणं एवढेच उपाय. रोज स्वतःच्या वजनाच्या पाव भागापर्यंत अन्न लागतं. आणि अर्चिन केल्पची पानं कुरतडत बसत नाहीत, खडकाला धरलेलं बूड कुरतडतात, मग अख्खं झाड सुटून वाहून जातं. म्हणून थोडे अर्चिनसुद्धा महागात पडतात.

अबोली

सर, खूप आभार. दोन बेटांची तुलना मला माहीतच नव्हती. पण एक शंका. दोन बेटांत आणखीही फरक असतील ना? प्रवाह, तळाचा खडक, काहीही. मग फरक पाणमांजरामुळेच, हे कसं म्हणायचं?

दर्यावर्दी

तुझी शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर लिहिलंस तर बहुतेक उत्तरांपेक्षा तू पुढे जाशील. दोन जागांच्या तुलनेची ही कमजोरीच आहे. ती दोन मार्गांनी भरून निघाली. एक, जिथे पाणमांजरं नव्याने पोहोचली तिथे अर्चिन कमी होऊन केल्प परतताना दिसलं, म्हणजे एकाच जागेची आधी आणि नंतर अशी तुलना मिळाली. दुसरा मार्ग उलट्या दिशेचा, आणि तो मला जास्त भक्कम वाटतो.

१९९० च्या दशकात याच बेटांवर पाणमांजरं पुन्हा घटू लागली, वर्षाला सुमारे पाव या वेगाने. उपासमार म्हणावी तर अर्चिन वाढत होते, म्हणजे खाणं मुबलक. रोग म्हणावा तर किनाऱ्यावर तेवढी मेलेली जनावरं सापडत नव्हती. त्याच सुमारास ओर्का, म्हणजे किलर व्हेल, पाणमांजरांवर हल्ला करताना दिसू लागले होते, जे आधी तिथे कुणी पाहिलं नव्हतं. मग एडॅक बेटावर एक तपासणी करता आली. तिथे क्लॅम लगून नावाची खाजण आहे, तिचं तोंड अरुंद आणि उथळ, ओर्का आत शिरू शकत नाही. बाजूलाच कुलुक बे हा उघडा उपसागर. लगूनमधली संख्या टिकून राहिली, उपसागरातली कोसळली. रोग किंवा प्रदूषण असतं तर दोन्हीकडे मार बसला असता.

आणि तळाशी काय झालं? १९८७ ते १९९७ या काळात एडॅकजवळ अर्चिनचं वजन आठपट झालं आणि केल्पची घनता बारापटीने घटली. हे १९९८ मध्ये एस्टेस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. साखळीत ओर्का हा चौथा येऊन बसला आणि खालच्या सगळ्यांचं नशीब पालटलं. तीन पायऱ्या असताना केल्प तरारतं, चार झाल्या की बोडकं होतं. एका वरच्या बदलाचे परिणाम खाली एकाआड एक उलटे होत जातात, हा ट्रॉफिक कॅस्केडचा गाभा. हे ज्याला समजलं त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

बागायतदार

मधेच येतो, क्षमस्व. आमच्याकडे कोकणात आंबा-नारळाला माकडांचा आणि वानरांचा इतका त्रास आहे की काही विचारू नका. पूर्वी बिबट्या फिरायचा, आता दिसत नाही. म्हणजे हाच ट्रॉफिक कॅस्केड झाला ना? बिबट्या गेला, माकडं वाढली, बाग गेली. वन खात्याला अर्ज देतो आहे, त्यात हा शब्द टाकला तर वजन येईल. कसं लिहायचं ते सांगा.

दर्यावर्दी

बागायतदार, तुमचा त्रास खरा आहे, पण अर्जात तो शब्द इतक्यात घालू नका. पहिला प्रश्न, बिबट्या कमी झाला हे कशावरून? दिसत नाही आणि नाही, यात फरक आहे, तो रात्रीचा प्राणी. दुसरा, माकडं एकूण वाढली की जंगल तुटल्यामुळे आणि खाणं मिळतं म्हणून बागेत येऊ लागली? तिसरा, ज्या गावांत बिबट्या आजही आहे तिथे बागांचं नुकसान कमी आहे का? एडॅकला लगून आणि उपसागर होते, तुम्हाला तशी दोन गावं शोधावी लागतील.

बागायतदार

दोन गावं सोडून पलीकडे बिबट्या आहे, गेल्या पावसाळ्यात कुत्रं नेलं. पण माकडं तिथेही आहेतच. त्रास आमच्याएवढाच म्हणतात.

दर्यावर्दी

मग निदान एवढ्या माहितीवर तरी तुमचं कारण टिकत नाही. दोनच गावांवरून ते खोटं ठरलं असंही मी म्हणणार नाही. अर्जात नुकसान किती, कुठल्या महिन्यात, कळप किती मोठा, हे नोंदवून द्या. त्याचं वजन या शब्दापेक्षा जास्त पडेल.

निनाद

मी कॅलिफोर्नियात, मॉन्टेरेच्या जवळ राहतो. इथे किनाऱ्यावरून पाणमांजरं रोज दिसतात, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडत असतात. पण दर्यावर्दींच्या मांडणीत मला एक अडचण आहे. इथे पाणमांजरं असूनसुद्धा २०१४ नंतर जांभळ्या अर्चिननी समुद्रतळाचे मोठे पट्टे बोडके केले. मग कीस्टोन कुठे गेली? डायव्हिंग करणारे मित्र सांगतात, बोडक्या पट्ट्यात पाणमांजर फिरकतही नाही.

दर्यावर्दी

निनाद, तुम्ही इथे लिहिलंत हे फार बरं झालं. तुमचे मित्र पाहतात तेच मॉन्टेरेच्या अभ्यासातही दिसलं आहे. बोडक्या खडकावरचे अर्चिन उपाशी असतात. मरत नाहीत, वर्षानुवर्षं तग धरतात, पण आतून पोकळ होतात. पाणमांजराला हव्या असतात त्यांच्या आतल्या प्रजननग्रंथी, त्याच भरलेल्या नसतील तर फोडण्याची मेहनत फुकट. म्हणून ती उरलेल्या केल्पमधले गुबगुबीत अर्चिन खातात. परिणाम असा की जे केल्प शिल्लक आहे ते टिकतं आणि पुढे तिथूनच बीजाणू पसरू शकतात, पण बोडका झालेला पट्टा ती स्वतःहून परत आणत नाहीत.

आणि मुळात तिथे सुरुवात पाणमांजर घटल्याने झालीच नव्हती. २०१३ पासून रोगाने तारामासे मेले, त्यात अर्चिन खाणारा मोठा सूर्यफूल तारामासाही होता, आणि पाठोपाठ समुद्र तापला. अर्चिन खाणारा तिथे एकटा पाणमांजर नव्हता. दक्षिण कॅलिफोर्नियात तर पाणमांजरं जवळपास नसतानाही बऱ्याच ठिकाणी केल्प टिकलं, कारण तिथे काही मासे आणि शेवंडं अर्चिन खातात. म्हणजे अल्युशियनमध्ये जी जात कीस्टोन, ती सगळीकडे तेवढीच कीस्टोन असेल असं नाही. अबोली, तुझ्या उत्तरातला मर्यादेचा परिच्छेद इथून घे.

वाटसरू

सगळं मान्य, पण मग यलोस्टोन का नको? तेही आधी आणि नंतर आहेच.

दर्यावर्दी

नको असं नाही. पण तिथे त्याच काळात अस्वलं आणि प्यूमा वाढले, एल्कची माणसाकडून शिकार होत होती, दुष्काळ पडले. आणि कुंपण घालून, कृत्रिम बांध बांधून वीस वर्षं चाललेल्या प्रयोगात असं दिसलं की जिथे बीव्हरचे बांध नाहीसे होऊन पाण्याची पातळी खाली गेली, तिथे विलो जेमतेम वाढले, लांडगे असूनही. बांध घातले तिथे वाढले. हा वाद उत्तरात लिहिणार असाल तर यलोस्टोन उत्तम. "लांडग्यांनी नद्या बदलल्या" एवढंच लिहिणार असाल तर ती गोष्ट होईल, केस स्टडी नव्हे.

वाटसरू

विलोंची उंची वाढल्याचे अभ्यासही आहेत की. ते तुम्ही बाजूला ठेवता आहात. मला अजूनही वाटतं लांडग्यांचा वाटा मोठा आहे.

दर्यावर्दी

आहेत, आणि वाटा किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तुम्ही तसंच लिहा.

अबोली

आज बसून पुन्हा लिहिलं. अर्ध्या तासात हाताने लिहून होतंय. प्राजक्ताताई, पाहाल का?

"एखाद्या प्रजातीचा परिणाम तिच्या संख्येच्या मानाने फार मोठा असेल तर तिला कीस्टोन म्हणतात. तो परिणाम भक्षकाकडून भक्ष्यामार्फत वनस्पतींपर्यंत पोहोचला की ट्रॉफिक कॅस्केड होतो. उत्तर पॅसिफिकमधील अल्युशियन बेटांवर या दोन्हींचा संबंध दिसतो.

फरच्या व्यापारामुळे समुद्री पाणमांजर तेथे जवळजवळ नष्ट झाले होते. १९११ नंतर अॅम्चिट्काभोवती ते पुन्हा वाढले, शेमियाभोवती नव्हते. एस्टेस व पाल्मिसानो यांच्या १९७४ च्या अभ्यासात अॅम्चिट्का येथे दाट केल्प व थोडे अर्चिन, तर शेमिया येथे भरपूर अर्चिन व बोडका तळ आढळला. केवळ या तुलनेवरून कारण सिद्ध होत नाही, कारण बेटांत इतर फरक असू शकतात.

१९९० च्या दशकात पाणमांजरे पुन्हा घटली. एडॅक बेटावर ओर्का शिरू न शकणाऱ्या क्लॅम लगूनमध्ये त्यांची संख्या टिकली, उघड्या कुलुक उपसागरात घसरली. यावरून रोग वा उपासमारीपेक्षा ओर्काची शिकार हे कारण अधिक संभवते. १९८७ ते १९९७ मध्ये अर्चिनचे वजन आठपट झाले व केल्पची घनता बारापटीने घटली. चौथी पायरी जोडली जाताच खालचा परिणाम उलटला.

मात्र हा परिणाम सर्वत्र सारखा नाही. कॅलिफोर्नियात अर्चिनचे इतर भक्षकही आहेत. मॉन्टेरे येथे पाणमांजरे उरलेले केल्प टिकवतात, परंतु बोडक्या तळावरील उपाशी अर्चिन खात नाहीत. म्हणून कीस्टोन ही भूमिका स्थळ व परिस्थिती यांवर अवलंबून असते."

प्राजक्ता_के

हे वाचून मी "कशावरून" लिहिणार नाही. दोन दुरुस्त्या. पहिल्या परिच्छेदात कीस्टोन आणि कॅस्केड यांचा संबंध तू सुचवतेस, सांगत नाहीस. "कीस्टोन प्रजातीचा परिणाम कॅस्केडच्या मार्गाने होऊ शकतो, पण प्रत्येक वेळी तोच मार्ग असेल असे नाही" हे वाक्य घाल आणि त्याला पेनचा तारामासा जोड. तिथे शिंपल्यांना आवर बसल्यामुळे बाकीच्यांना जागा मिळाली, मुख्य झगडा जागेचा होता.

दुसरी, पाणमांजर एवढं का खातं ती ओळ गाळली आहेस. ती हवी, कारण "संख्येच्या मानाने मोठा परिणाम" हे तू व्याख्येत म्हणतेस आणि पुढे कुठे दाखवतच नाहीस.

आकृती काढच. शेजारी शेजारी दोन उभ्या साखळ्या, डावीकडे तीन पायऱ्या, उजवीकडे ओर्का धरून चार. प्रत्येक नावापुढे "जास्त" किंवा "कमी" लिही. बाण भक्षकाकडून भक्ष्याकडे काढलेस तर खाली "बाण नियंत्रणाची दिशा दाखवतात" असं लिही, नाहीतर अन्नसाखळीचे बाण उलटे काढले म्हणून एखादा परीक्षक गुण कापेल. हे मी होताना पाहिलं आहे.

अबोली

करते, ताई. शेवटची शंका. चार पायऱ्यांच्या साखळीत ओर्कालाच कीस्टोन म्हणायचं का? त्यांची संख्या तर पाणमांजरांपेक्षाही कमी.

दर्यावर्दी

माझ्या मते म्हणायला हरकत नाही. त्याच १९९८ च्या अभ्यासात हिशेब आहे: फक्त पाणमांजरं खाणारे चार ओर्का असते तरी त्या भागातली सगळी घट तेवढ्यानेच झाली असती. संख्येच्या मानाने याहून मोठा परिणाम कुठला?

प्राजक्ता_के

मला पटत नाही, सर. ओर्का पाणमांजरांकडे का वळले हेच अजून ठरलेलं नाही. व्हेलच्या शिकारीमुळे त्यांचं नेहमीचं भक्ष्य गेलं, हे म्हणणं एका गटाचं आहे आणि त्याला जोरदार विरोधही आहे. काही मोजक्या ओर्कांनी खाणं बदललं असेल तर ते थोड्या प्राण्यांचं वागणं झालं, अख्ख्या प्रजातीची भूमिका नव्हे.

दर्यावर्दी

पण परिणाम मोजताना तो किती प्राण्यांनी केला यापेक्षा समुद्रतळावर काय झालं ते बघायला हवं, असं मला वाटतं.

प्राजक्ता_के

इथे आपलं जुळणार नाही. अबोली, पेपरात ओर्काला "चौथ्या पायरीवरील भक्षक" लिही, दोघांपैकी कुणीही तपासलं तरी चालेल.